सणाचा माल किती घ्यायचा? आधी ऑर्डर बंद करायची तारीख काढा

प्रश्न: "मी ऑनलाइन दिव्यांच्या माळा विकतो. गेल्या वर्षी ऐन सणाच्या आठवड्यात चालणारा माल संपला, आणि सण उलटल्यावर एक खोली भरून माल उरला. वहीत नफा दिसतो, पण पुरवठादाराला द्यायला खात्यात पैसे नव्हते. शेवटची बरीच पार्सलंही सणानंतर पोचली. यंदा हाताशी ८५ हजार आहेत. किती माल घेऊ, केव्हा घेऊ आणि ऑर्डर कधी बंद करू?"

तुमच्या चारही अडचणींचं मूळ एकच आहे. आपण सगळे हिशोबाची सुरुवात "किती माल घेऊ" इथून करतो आणि ऑर्डर बंद करायची तारीख शेवटच्या आठवड्यात, घाईत ठरवतो. मी नऊ हंगाम सजावटीचं सामान विकते आहे. पहिले तीन हंगाम मीही असंच केलं. आता मी उलट्या टोकाकडून सुरू करते. आधी कोणत्या भागाची ऑर्डर कोणत्या दिवसापर्यंत घ्यायची ते ठरवते. त्यावरून विक्रीचे खरे दिवस किती ते कळतं, त्यावरून माल ठरतो, आणि मालावरून पैसा कोणत्या तारखेला कमी पडेल ते दिसतं.

यात बरंचसं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. पुरवठादार माल किती दिवसांत देतो, विकल्यानंतर पैसे खात्यात यायला किती दिवस लागतात आणि तुमचे ग्राहक जवळचे जास्त की लांबचे, या तीन गोष्टी माझ्या वेगळ्या, तुमच्या वेगळ्या. म्हणून खालचे आकडे रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. तुमचे आकडे घालून हिशोब पुन्हा करा.

सणाचा दिवस शून्य धरा आणि मागे मोजत या. कुरिअरवाला सांगतो ते दिवस बाजूला ठेवा. तुमच्याच गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या पार्सलांची यादी काढा: पिकअपची तारीख, पोचल्याची तारीख, पिनकोड. पिनकोडवरून चार गट करा: त्याच शहरातली, आसपासच्या भागातली, लांबची आणि आडवळणाची. समजा एका गटात २०० पार्सलं आहेत. सगळ्यात उशिरा पोचलेली १० बाजूला काढा. उरलेल्यांत सर्वांत उशिरा आलेल्या पार्सलाला जितके दिवस लागले, तो त्या गटाचा खरा आकडा. सरासरी घेऊ नका. सरासरी चार दिवस म्हणजे जवळजवळ निम्मी पार्सलं त्याहून उशिरा गेली असणार, आणि सणाच्या वस्तूला एक दिवस उशीर म्हणजे ती न पोचल्यासारखीच.

माझा हिशोब असा: आसपासच्या भागात शंभरातली ९५ पार्सलं तीन दिवसांत पोचतात. सणाच्या गर्दीचे दोन दिवस वाढवते. पॅकिंग आणि पिकअपचा एक दिवस. माळ निदान आदल्या दिवशी हातात हवी, म्हणून आणखी एक. झाले सात. म्हणजे त्या भागासाठी सणाच्या ७ दिवस आधी ऑर्डर बंद. याच रीतीने माझ्याकडे त्याच शहरासाठी ४ दिवस आधी, लांबच्या भागासाठी १० दिवस आधी आणि आडवळणाच्या भागासाठी १४ दिवस आधी अशा तारखा येतात. गर्दीचे जादा दिवस गेल्या सणातल्या तुमच्याच पार्सलांवरून काढा. त्या पंधरवड्यातली पार्सलं वेगळी करून एरवीशी ताडून पाहिली की फरक लगेच दिसतो.

हे मी महागात शिकले. एका वर्षी एका कुरिअरच्या "पाच दिवसांत कुठेही" या शब्दावर मी सगळ्या भागांसाठी एकच तारीख ठेवली. त्यांच्या गोदामात गाड्या अडकल्या. ट्रॅकिंगवर चार दिवस तीच एक ओळ दिसत होती आणि मी दिवसाला वीस-वीस जणांना फोनवर समजावत होते. पार्सलं सण झाल्यावर पोचली, बहुतेकांनी परत पाठवली, आणि जाण्याचा व येण्याचा दोन्ही खर्च माझ्या अंगावर पडला. तेव्हापासून मी एक तारीख कधीच ठेवत नाही. भागवार चार तारखा लिस्टिंगवर ठळक लिहिते आणि ज्या भागाची तारीख उलटली त्या पिनकोडांना सणाचा माल दिसणंच बंद करते. तुमच्या विक्रीच्या जागेवर पिनकोड बंद करता येत नसतील, तर सगळ्यांसाठी लांबच्या भागाचीच तारीख धरा. थोडी विक्री जाईल, पण परतीचा खर्च आणि वाईट शेरे वाचतील.

आता माल. गेल्या वर्षीचा विक्रीचा आकडा थेट घेऊ नका, कारण तुमचा माल मध्येच संपला होता. संपल्यानंतरच्या दिवशी वहीत शून्य दिसतं, पण मागणी शून्य नव्हती. ज्या दिवशी माल होता तेवढेच दिवस मोजा. साधी पांढरी माळ संपण्याआधी रोज १२ जात असेल आणि नंतरचे पाच दिवस नसेल, तर किमान ६० नगांची मागणी तुमच्या वहीत आलेलीच नाही. हे रंगवार आणि प्रकारवार करा. चार रंग सारखेच मागवले की दोन संपतात आणि दोन उरतात. तुमची भरलेली खोली आणि रिकामं झालेलं रॅक एकाच वेळी दिसलं, त्याचं कारण बहुधा हेच आहे.

आणखी एक: गेल्या वर्षीशी तुलना तारखेने करू नका, सणापासूनच्या अंतराने करा. चांद्र पंचांगाप्रमाणे येणारे सण इंग्रजी तारखांत एका वर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतात, आणि मध्ये अधिक महिना आला तर सुमारे १९ दिवस पुढे जातात. गेल्या वर्षी त्याच तारखेला किती विकलं, या आकड्याला त्यामुळे काही अर्थ राहत नाही. सणाच्या २० दिवस आधी किती विकलं होतं, तेच बघा.

अंदाज एक आकडा म्हणून लिहू नका, तीन लिहा: कमीत कमी, मधला, जास्तीत जास्त. आणि मालाचे दोन ढीग करा. एक, वर्षभर जाणारा, म्हणजे साध्या माळा. दुसरा, फक्त या सणापुरता, म्हणजे सणाची चित्रं असलेल्या माळा. या दोन ढिगांना एकच नियम लावला की पैसे बुडतात. का ते एका नगावर बघू.

एका नगाची खरेदी १०० धरा, विक्री २००. विकल्यावर कमिशन आणि पाठवणीचे ४० कापून खात्यात १६० येतात, आणि पॅकिंगचे १० तुम्ही आधीच घातलेले असतात. नफा ५०. आता चित्रांची माळ उरली तर सणानंतर ती समजा ९० ला काढावी लागेल. ४० कापले, १० पॅकिंगचे, हातात राहिले ४०. म्हणजे विकली तर ५० मिळतात आणि उरली तर ६० जातात. अशी एक जास्तीची माळ घ्यायची तर ती विकली जाण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त, साधारण ५५ टक्के, तरी हवी. म्हणून चित्रांचा माल मधल्या अंदाजापेक्षा किंचित कमीच घ्यावा. साधी माळ उरली तर ती पुढच्या महिन्यांत जाणारच आहे. अडकलेला पैसा आणि जागा मिळून १० चं नुकसान धरा. तिथे सहात एक शक्यता असली तरी जास्तीचा नग परवडतो. म्हणून साधा माल जास्तीत जास्त अंदाजाच्या जवळ घ्यायला हरकत नाही. मात्र नवीन मॉडेल येऊन जुनं पडून राहणारा माल असेल, तर त्याला "वर्षभर जाणारा" म्हणू नका.

समजा चित्रांच्या माळांचे तुमचे तीन अंदाज २५०, ३६० आणि ४८० आहेत, आणि साध्या माळांचे ३२०, ४०० आणि ५२०. तर मी चित्रांच्या ३४० घेईन आणि साध्या ५००. एकूण ८४०. या हिशोबात चित्रांच्या माळा शेवटी संपतील आणि तुम्हाला चुटपुट लागेल. लागू द्या, ते ठरवून केलेलं आहे.

हे ८४० नग एकदम घ्यायचे का? नाही, दोन खेपांत. पण इथे सगळे ज्यात अडकतात ती गोष्ट नीट बघा. मनात असतं की पहिली खेप विकू आणि आलेल्या पैशातून दुसरी घेऊ. तारखा मांडल्या की हे जमत नाही असं दिसतं.

विक्री सणाच्या ३५ दिवस आधी सुरू होते असं धरू. आठवड्यागणिक ६०, ११०, २१०, २९० आणि शेवटच्या तुटक आठवड्यात ७०, असे एकूण ७४० नग जातात, म्हणजे चित्रांच्या सगळ्या ३४० आणि साध्यांच्या मधल्या अंदाजाच्या ४००. पहिल्या खेपेत चित्रांच्या सगळ्या ३४० आणि साध्या २६० घेतल्या, तर साध्या माळा सणाच्या साधारण ११ दिवस आधी संपतात. माल उतरवून मोजायला, एकेक माळ लावून बघायला आणि लिस्टिंगवर चढवायला दोन दिवस लागतात, म्हणून दुसरी खेप १३ दिवस आधी दारात हवी. पुरवठादाराला १४ दिवस लागत असतील तर ऑर्डर २७ दिवस आधी द्यावी लागते. तोवर विक्रीचा जेमतेम एक आठवडा झालेला असतो.

आणि पैसा? तुमच्या शेवटच्या ३० ऑर्डरी घ्या. ऑर्डरची तारीख आणि बँकेत पैसे आल्याची तारीख शेजारी शेजारी लिहा. पाठवणी, पोच आणि नंतरचं सेटलमेंट धरून अंतर १५ दिवस निघालं असं धरू. मग ३५ दिवस आधी विकलेल्या पहिल्या नगाचा पैसा २० दिवस आधी येतो. दुसऱ्या खेपेचा निर्णय २७ दिवस आधी घ्यायचा आहे. त्या दिवशी विक्रीतून एक पैसाही आलेला नसतो. दुसरी खेप पहिलीच्या पैशावर उभी राहत नाही. ती तुमच्या स्वतःच्या भांडवलावर किंवा पुरवठादाराच्या उधारीवरच उभी राहते.

मग दुसरी खेप ठेवायची कशाला? कारण त्या एका आठवड्यात वेग कळतो. पहिल्या आठवड्यात ६० ऐवजी ४० गेल्या तर दुसरी खेप निम्मी करता येते, ८० गेल्या तर वाढवता येते. पण ती फक्त साध्या माळांची ठेवा. ती पोचून लिस्टिंगवर चढते तेव्हा आडवळणाच्या भागाच्या ऑर्डरी बंद झालेल्या असतात आणि लांबच्या भागाचा एखाद-दुसरा दिवसच उरलेला असतो. यापुढे ती मुख्यतः शहरात आणि आसपासच खपणार. तुमच्या निम्म्या ऑर्डरी लांबून येत असतील तर दुसरी खेप याहून लहान करा आणि तेवढे नग पहिल्या खेपेत घ्या. ऑर्डर बंद करायच्या तारखा आधी काढायच्या असं मी सुरुवातीला म्हटलं ते यासाठीच. त्याशिवाय दुसऱ्या खेपेचा आकडा सांगता येत नाही.

आता तुमचे ८५ हजार. पहिली खेप ६० हजारांची. पॅकिंग सगळ्या ८४० नगांचं एकदम, ८,४००. दुसऱ्या खेपेच्या २४० नगांचे २४ हजार, त्यातले ३० टक्के आगाऊ म्हणजे ७,२००. सणाच्या २७ दिवस आधी तुमचे ७५,६०० गेलेले असतात आणि आलेले शून्य. हातात ९,४००. पुरवठादार माल निघताना, म्हणजे साधारण १५ दिवस आधी, उरलेले १६,८०० मागतो. तोवर विक्रीतून पहिल्या पाच-सहा दिवसांच्या सुमारे ५० नगांचे ८ हजार आलेले असतात. ते देऊन तुमच्या हातात राहतात ६००. ऐन हंगामात, जाहिरातीचा, परतीचा, टेप संपल्याचा खर्च समोर असताना ६००. गेल्या वर्षी तुमचं जे झालं ते बहुतेक याच आठवड्यात झालं असणार.

म्हणून पुरवठादाराशी भावावर घासाघीस करण्याआधी मुदतीवर बोला. त्याला सांगा, "दुसऱ्या खेपेची बाकी रक्कम माल पोचल्यावर १५ दिवसांनी देतो, भाव तीन टक्के जास्त लावा." २४ हजारांवर तीन टक्के म्हणजे ७२०. ते १६,८०० मग सणानंतर दोन दिवसांनी द्यायचे होतात. तोवर सुमारे ४०० नगांचे ६४ हजार खात्यात आलेले असतात. ७२० देऊन सगळ्यात अवघड आठवडा मोकळा होतो. पुरवठादार नवा असेल तर तो ऐकणार नाही. मग दुसरी खेप १२० नगांची करा. नफा कमी होईल, पण पगार आणि कुरिअरचं बिल अडकणार नाही. उरलेली रक्कम व्याजाने काढून पूर्ण खेप घ्यावी असं मी सांगणार नाही. पैसे परत यायची तारीख पंधरा दिवसांनी सहज पुढे सरकते आणि व्याज थांबत नाही.

"वहीत नफा, खात्यात काही नाही" याचं उत्तरही याच मांडणीत आहे. सणाच्या दिवशी ७४० पैकी साधारण ३५० नगांचे पैसेच आलेले असतात, म्हणजे निम्म्याहूनही कमी. बाकीचे पुढच्या दोन आठवड्यांत येतात आणि त्यांतून परतीचे कापले जातात. म्हणून सण झाल्यावर तीन आठवड्यांच्या आत कोणालाही "सण झाला की लगेच देतो" असा शब्द देऊ नका. आणि विक्रीतून जमा झालेल्या करातला जो भाग भरायचा आहे, तो आला तसा वेगळ्या खात्यात टाका. तो भांडवलात धरला की पुढच्या महिन्यात पुन्हा हीच ओढाताण.

कॅश ऑन डिलिव्हरीची तारीख मात्र वेगळी ठेवा. ग्राहकाने पार्सल दारातून परत पाठवलं तर ते फिरून तुमच्याकडे यायला जाण्याइतकेच, बरेचदा जास्त दिवस लागतात. ते परत येऊन पुन्हा विकता येईल एवढा वेळ उरला असेल तरच चित्रांच्या माळांवर ही सोय ठेवा. आसपासच्या भागासाठी जायला पाच, यायला पाच आणि पुन्हा विकून पाठवायला सात धरले, तर ही सोय १७ दिवस आधीच बंद करावी लागते. लांबच्या भागासाठी मी चित्रांच्या माळांवर ती ठेवतच नाही. साध्या माळांवर शेवटपर्यंत चालू द्या, कारण परत आलेली साधी माळ पुढे विकली जाते.

शेवटी माझी एक पद्धत सांगते. चित्रांच्या माळांचा आकडा तुम्ही आणखी खाली आणू शकता. ग्राहकाला बऱ्याचदा सणाची माळ हवी नसते, सणाचा डबा हवा असतो. मी साधीच माळ, साध्याच डब्यात घेते आणि डब्याभोवती सणाचं छापील कागदी वेष्टण सरकवते. एका वेष्टणाला दोन-तीन रुपये लागतात आणि ती दुसऱ्या खेपेआधी आठवडाभरात छापून मिळतात. सण उलटला की उरलेल्या डब्यांवरची वेष्टणं काढायची, बस. एका वर्षी आम्ही दोघींनी बसून एका दुपारी ११० डब्यांची वेष्टणं काढली आणि दुसऱ्या दिवशी त्याच माळा साध्या म्हणून लिस्टिंगवर होत्या. फक्त आधी दहा-पंधरा डब्यांवर करून बघा. वेष्टण चिकटवायचं नाही, घडी घालून खोचायचं. मी पहिल्या वर्षी गोंद लावला होता आणि काढताना डबेच फाटले.

तुमचा पुरवठादार किती दिवसांत माल देतो आणि पैसे यायला तुम्हाला खरोखर किती दिवस लागतात, हे दोन आकडे कळवलेत तर दुसऱ्या खेपेची तारीख मी काढून देईन.